‘ताई, यात दूध नाही’

दुकानदाराने पाकीट माझ्या हातात दिलं आणि पुढच्या बाजूवरच्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “ताई, यात दूध नाही. शुद्ध शाकाहारी आहे, बघा.” तो मनापासून मदत करत होता. माझी मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची होती. महिन्याभरापासून ती नुसतं वरणभात आणि नाचणीच्या सत्त्वावर होती. तिच्या हातात धरायला काहीतरी कुरकुरीत मिळावं एवढंच मला हवं होतं. पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचली, तर पाचवा घटक ‘मिल्क सॉलिड्स’ निघाला, म्हणजे दुधाचा सुका अंश.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. आपल्याकडे दूध शाकाहारीच आहे. हिरवा ठिपका पदार्थात मांस, मासे, अंडी नाहीत एवढंच सांगतो, दुधाबद्दल काहीही सांगत नाही. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी खरेदी करताना पहिली अडचण इथेच येते. आपल्या मनात दूध, तूप, लोणी हे ‘घातलेले पदार्थ’ म्हणून मोजलेच जात नाहीत. “काही नाही घातलंय, थोडं तूप आहे फक्त,” असं आपण सहज म्हणतो. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या घरात नेमकं तेच ‘थोडं’ मोजावं लागतं.

पनीर, निवळी आणि बेरी

मुलगी आठ महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा दोन चमचे दहीभात भरवला. वीस मिनिटांत तोंडाभोवती लाल गांधी उठल्या, मग पोटावर, आणि पाठोपाठ उलटी झाली. डॉक्टरांनी आधी सगळी हकिकत विचारली: काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळाने काय झालं. त्यानंतर त्वचेवर टोचून करायची चाचणी झाली आणि निदान पक्कं झालं.

ही तात्काळ होणारी अ‍ॅलर्जी. ती काही मिनिटांत ते दोन तासांच्या आत दिसते. दुसरा प्रकार उशिरा दिसतो. त्यात काही तासांनी किंवा एकदोन दिवसांनी उलट्या, शेम आणि रक्त पडणारी शी, न जाणारा इसब अशी लक्षणं असतात. या प्रकारात त्वचेची आणि रक्ताची चाचणी बहुधा काहीच दाखवत नाही. तेव्हा डॉक्टर दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद करून मुलाला बरं वाटतं का ते बघतात आणि पुन्हा दूध देऊन खात्री करतात.

दोन्ही प्रकारांत शरीर दुधातल्या प्रथिनांविरुद्ध उठतं. ही प्रथिनं कोणती, हे स्वयंपाकघरात उभं राहूनच समजून घेता येतं. दुधात लिंबू पिळून पनीर करतो तेव्हा जो पांढरा गोळा फडक्यात राहतो तो बहुतेक केसिन, आणि खाली जी हिरवट-पिवळी निवळी उरते त्यात व्हे प्रथिनं. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण 80 टक्के केसिन आणि 20 टक्के व्हे. मुलाला यांपैकी एकाची अ‍ॅलर्जी असू शकते किंवा दोन्हींची. कारखान्यात हे दोन्ही भाग वेगळे काढतात, वाळवतात आणि बिस्किटापासून सॉसपर्यंत कशातही घालतात. पाकिटावरचे बहुतेक अवघड शब्द या दोघांच्याच घरचे आहेत.

तुपाचंही असंच. लोणी कढवल्यावर तळाशी जी तपकिरी बेरी बसते ती भाजलेली दुधाची प्रथिनंच. तूप गाळलं की बेरी गाळण्यात राहते, पण तिचा अंश तुपात उतरतो. म्हणून ‘तुपात काय, नुसता स्निग्धांश’ हे सगळ्याच मुलांना लागू होत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय तूपही बंदच ठेवायचं. दूध उकळून काम होत नाही, कारण केसिन उकळीला दाद देत नाही.

निदान झाल्यावर आठवडाभरात घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी चार पर्याय सुचवले: म्हशीचं दूध, शेळीचं दूध, ‘ए-टू’ गाईचं दूध आणि लॅक्टोज-फ्री दूध. चारही चुकीचे. म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना तीही सोसत नाहीत. ‘ए-टू’ दुधात केसिनच्या एका प्रकारात थोडासा फरक असतो, पण बाकी केसिन आणि सगळं व्हे तसंच. लॅक्टोज-फ्री दुधात दुधाची साखर फोडलेली असते, प्रथिनं पूर्ण असतात. ते दूध साखर न पचणाऱ्यांसाठी आहे. तो त्रास पोटफुगी आणि जुलाबांचा, आणि या अ‍ॅलर्जीशी त्याचा काही संबंध नाही. दोन्ही आजारांत ‘दूध सोसत नाही’ असंच म्हटलं जातं, म्हणून दुकानात घोटाळा होतो.

पाकिटाची मागची बाजू

आता पहिल्या पाकिटाकडे वळू. साधी गोल मारी जातीची बिस्किटं होती. पाकीट तपासताना मी आज ज्या क्रमाने वाचते, तोच क्रम सांगते.

आधी घटकांच्या यादीच्या आसपास असलेली, ‘कंटेन्स’ या इंग्रजी शब्दाने सुरू होणारी ओळ शोधायची. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, 2020 च्या लेबलिंगच्या नियमांनुसार ठरावीक अ‍ॅलर्जीकारक घटक पाकिटावर वेगळे जाहीर करावे लागतात. त्यात ग्लुटेन असलेली धान्यं, अंडी, मासे, कवचाचे जलचर, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोया यांच्याबरोबर दूध आणि दुधाचे पदार्थ आहेत. माझ्या पाकिटावर लिहिलं होतं: ‘कंटेन्स व्हीट, मिल्क अँड सोय’. मिल्क दिसलं की पाकीट परत फळीवर. पुढचं वाचायचीही गरज नाही.

या ओळीत मिल्क नसेल, तर घटकांची यादी पूर्ण वाचायची. ओळ नजरेतून सुटू शकते किंवा छपाईत राहून जाऊ शकते. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. माझ्या पाकिटावर मैदा, साखर, पाम तेल, इन्व्हर्ट सिरप आणि मग मिल्क सॉलिड्स असा क्रम होता. दूध पाचव्या जागी आहे म्हणजे ते कमी आहे, हे खरं. पण अ‍ॅलर्जीत कमी म्हणजे सुरक्षित असं नसतं. काही मुलांना चिमूटभर दूध पावडरही पुरते.

शेवटी ‘मे कंटेन’ची ओळ बघायची. पदार्थात दूध घातलेलं नाही, पण त्याच यंत्रावर दुधाचे पदार्थही बनतात, म्हणून अंश मिसळला असू शकतो, असा तिचा अर्थ. ती दिसली तर काय करायचं हे मुलाच्या अ‍ॅलर्जीच्या तीव्रतेवर ठरतं, आणि ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचं. आमच्या मुलीला पहिल्याच वेळी गांधींबरोबर उलटी झाली होती, म्हणून आम्ही अशी पाकिटं घेत नाही. आणि ही ओळ नसली म्हणजे यंत्र स्वतंत्र आहे, असंही धरून चालायचं नाही.

कायद्याने पाकिटावरची ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असावी लागते, मराठी त्याच्या जोडीला चालते. प्रत्यक्षात बहुतेक पाकिटं इंग्रजीतच असतात. म्हणून घरात मुलाला खाऊ देणाऱ्या प्रत्येकाला हे शब्द ओळखता यायला हवेत.

दुधाचे वेषांतर केलेले शब्द

मिल्क, बटर, चीज, कर्ड, क्रीम, पनीर, खोया हे शब्द कुणालाही कळतात. गल्लत होते ती पुढच्या शब्दांत.

केसिनच्या घरचे: केसिन, केसिनेट, सोडियम केसिनेट, कॅल्शियम केसिनेट, केसिन हायड्रोलायसेट. चहा-कॉफीत घालायच्या पावडरवर ‘नॉन-डेअरी’ लिहिलेलं असलं, तरी आत सोडियम केसिनेट असू शकतं. ‘दूध नाही’ असं पुढे, आणि दुधातलं सर्वांत मोठं प्रथिन मागे. या एका शब्दासाठी तरी पाकीट उलटायलाच हवं.

निवळीच्या घरचे: व्हे, व्हे पावडर, व्हे प्रोटीन कॉन्सन्ट्रेट, लॅक्टाल्ब्युमिन, लॅक्टोग्लोब्युलिन. मसाला वेफर्स, चीज किंवा क्रीम-अनियन चवीची कुरकुरीत पाकिटं, झटपट नूडल्सचा मसाला, सूपची पाकिटं यांत हे सापडतात. साधे मिठाचे वेफर्स चालले म्हणून त्याच कंपनीचे मसाला वेफर्स चालतील, असं धरायचं नाही.

सगळं दूधच असलेले: मिल्क सॉलिड्स, एसएमपी म्हणजे स्निग्धांश काढलेली दूध पावडर, डेअरी व्हाइटनर, बटर ऑइल, बटरमिल्क पावडर. तयार बाळधान्याच्या डब्यांत आणि ‘हेल्थ ड्रिंक’च्या पावडरींत दूध अगदी वरच्या क्रमांकावर असू शकतं.

लॅक्टोज हा काठावरचा शब्द. ती दुधाची साखर, प्रथिन नव्हे. पण ती निवळीतूनच काढतात आणि प्रथिनाचा अंश मागे राहू शकतो. खाऊच्या पाकिटावर ती दिसली तर आम्ही ते घेत नाही. औषधांच्या गोळ्यांत आणि श्वासातून घ्यायच्या काही पावडर औषधांतही लॅक्टोज असतं. तिथे मनाने औषध बंद करायचं नाही, पण डॉक्टर आणि औषधविक्रेता दोघांनाही अ‍ॅलर्जी आधी सांगायची. प्रोबायोटिकच्या पुड्यांबद्दलही तसंच विचारायचं. दातांच्या मजबुतीसाठी मिळणाऱ्या काही क्रीममध्येही केसिनपासून बनवलेला घटक असतो, म्हणून दंतवैद्यालाही कल्पना द्यावी.

याउलट काही शब्द उगाच घाबरवतात. लॅक्टिक आम्ल साधारणपणे साखर आंबवून करतात. पावात ‘सोडियम स्टिअरॉइल लॅक्टिलेट’ असतं, त्याच्या नावात ‘लॅक्ट’ आलं तरी त्यात दुधाचं प्रथिन नसतं. कॅल्शियम लॅक्टेट हे क्षार आहे. कोको बटर कोकोच्या बियांचं, पीनट बटर शेंगदाण्यांचं, कोकोनट मिल्क नारळाचं. सुरुवातीचे तीन महिने मी ‘लॅक्ट’ दिसलं की पाव परत ठेवत होते. मुलीच्या आधीच छोट्या झालेल्या यादीतून चालणारा पदार्थ मीच उगाच काढून टाकत होते.

हिरव्या ठिपक्याऐवजी एक खूण खरंच उपयोगी पडते. 2022 मध्ये व्हीगन अन्नासाठी वेगळे नियम आले, तेव्हापासून हिरव्या चौकोनात ‘व्ही’ अक्षर असलेली खूण दिसू लागली. त्या पदार्थात दूध, मध यांसारखा प्राणिजन्य घटक घालता येत नाही. दुकानात दहा पाकिटांतून दोन निवडायला ही खूण चांगली. पण ती काय घातलं आहे हे सांगते, यंत्रावरच्या अंशाची हमी देत नाही. व्हीगन पाकिटावरही ‘मे कंटेन मिल्क’ लिहिलेलं असू शकतं, म्हणून मागची बाजू वाचणं सुटत नाही.

परदेशातून नातेवाईक चॉकलेटं आणतात, तेव्हा लक्षात ठेवायचं की युरोपातल्या पाकिटांवर ‘कंटेन्स’ची वेगळी ओळ नसतेच. तिथे अ‍ॅलर्जीकारक घटक यादीतच ठळक अक्षरांत छापतात. वेगळी ओळ नाही म्हणून दूध नाही असं समजलात तर फसाल. डार्क चॉकलेटही वाचल्याशिवाय द्यायचं नाही.

जिथे पाकीटच नाही

आपल्याकडे निम्मा खाऊ सुटा येतो आणि त्यावर घटकांची यादी नसते. इथे प्रश्न कसा विचारतो यावर सगळं ठरतं.

कोपऱ्यावरच्या बेकरीत मी आधी विचारायची, “पावात दूध आहे का?” उत्तर यायचं, “नाही.” एकदा पहाटे गेले तेव्हा भट्टीतून आलेल्या लादीवर पोऱ्या ब्रश फिरवताना दिसला. विचारलं तर म्हणाला, “चकाकी यायला बटर लावतो.” पिठात दूध नव्हतं, म्हणून आधीचं उत्तर त्याच्या लेखी खरंच होतं. त्या दिवसापासून मी नावं घेऊन विचारते: “पिठात किंवा वरून दूध, दूध पावडर, बटर, तूप, मार्गारिन, यांतलं काय काय लावता?” मार्गारिन मुद्दाम विचारायचं, कारण बेकरीच्या काही मार्गारिनमध्ये दुधाचे घटक असतात. खारी, नानकटाई, टोस्ट यांबद्दलही तोच प्रश्न. “कसली अ‍ॅलर्जी?” असं कुणी विचारलं तर मी सांगते, की खाल्लं तर मुलीचा श्वास अडकू शकतो. मग माणूस विचार करून उत्तर देतो.

मिठाईच्या दुकानातून आम्ही काहीच घेत नाही. काजूकतलीत खवा नसला तरी तूप असू शकतं, आणि ज्या कढईत, ज्या उलथन्याने ती होते त्यानेच पेढाही होतो. चकलीच्या मोहनात काही जण लोणी घालतात. शंकरपाळ्यांत दूध-तूप असतं. चिक्कीचा पाक थापायच्या आधी ताटाला तूप लावतात. हे पदार्थ घरी तेलावर उत्तम होतात.

देवळात आणि सत्यनारायणाला खरी परीक्षा असते. पंचामृतात दूध, दही, तूप तिन्ही असतात. प्रसादाचा शिरा दूध-तुपाचाच. मोठ्यांना वाटतं, प्रसादाने काय होणार? आम्ही सोपी वाट काढली. पूजा असेल तिथे आधी फोन करायचा आणि मुलीच्या हातावर ठेवायला केळ्याचा तुकडा आणि खडीसाखर आपल्याबरोबर न्यायची. देवापुढे ठेवून तेच तिला देतात. प्रसाद नाकारला असं कुणाला वाटत नाही आणि तिलाही वगळल्यासारखं होत नाही.

बाहेर खाताना एक नियम हाताशी आहे. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती देणं अपेक्षित आहे. ती मागायची. छोट्या ठिकाणी मात्र तव्यावर आधीच्या डोशाचं लोणी असतं, हे धरूनच चालायचं.

दुधाच्या जागी काय

याचं उत्तर वयावर अवलंबून आहे.

वर्षाच्या आतल्या बाळाला आईचं दूध चालू असेल तर ते चालूच ठेवायचं. आईच्या आहारातून दूध-तूप काढायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात. काढलं तर आईच्याही कॅल्शियमची सोय करावी लागते. आईचं दूध नसेल तर डॉक्टर खास फॉर्म्युला लिहून देतात. डब्यावर ‘एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड’ लिहिलेलं असतं, म्हणजे प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले की बहुतेक बाळांचं शरीर ती ओळखत नाही. थोड्या बाळांना तेही सोसत नाही, त्यांच्यासाठी अमिनो आम्लांचा फॉर्म्युला असतो. सोयाचा फॉर्म्युला साधारणपणे सहा महिन्यांनंतर, आणि सोया सोसत असेल तरच. दुकानात एक चूक सहज होते. ‘पार्शियली हायड्रोलाइज्ड’ लिहिलेला डबा जवळपास तसाच दिसतो, पण त्यातली प्रथिनं अर्धवटच तुटलेली असतात. तो या अ‍ॅलर्जीसाठी नाही.

तांदळाची पेज, नाचणीचं पाणी, बदामाचं किंवा नारळाचं दूध ही वर्षाच्या आत दुधाची जागा घेऊ शकत नाहीत. पूरक अन्न म्हणून पेज चालेल, पण बाटलीत फॉर्म्युलाच्या जागी नको.

वर्षानंतर वनस्पतींची पेयं येतात. त्यांच्या खोक्यावर ‘मिल्क’ऐवजी ‘ड्रिंक’ किंवा ‘बेव्हरेज’ लिहिलेलं असू शकतं. इथे पोषणाच्या तक्त्यातले दोन आकडे बघायचे. गाईच्या दुधात दर 100 मिलिलिटरला साधारण 3.2 ग्रॅम प्रथिनं आणि 120 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. या दोन्हींच्या जवळ जाणारं पेय म्हणजे कॅल्शियम घातलेलं सोया पेय. बदामाच्या पेयात प्रथिनं 100 मिलिलिटरला बहुधा एक ग्रॅमही नसतात. नारळाच्या दुधात मुख्यतः स्निग्धांश. ती चवीला चांगली, पण वाढत्या मुलाचं दूध म्हणून अपुरी. तांदळाच्या पेयात आर्सेनिकचा अंश जास्त असू शकतो, म्हणून लहान मुलांना ते रोजचं दूध म्हणून देऊ नये असं ब्रिटनमध्ये सांगतात. खोक्यावर कॅल्शियम घातल्याचा उल्लेख आणि ‘नो अ‍ॅडेड शुगर’ हेही बघायचं. ओतण्याआधी खोका चांगला हलवायचा, कारण घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. घरी केलेल्या सोया दुधात वरून घातलेलं कॅल्शियम नसतं, हे विसरायचं नाही.

माझ्या मुलीच्या दुसऱ्या वर्षातला एक दिवस मांडून दाखवते. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. कॅल्शियम घातलेलं सोया पेय दिवसभरात 300 मिलिलिटर, म्हणजे 360 मिलिग्रॅम. 30 ग्रॅम नाचणीच्या पिठाची छोटी भाकरी किंवा सत्त्व, म्हणजे साधारण 105. एक लहान चमचा, 5 ग्रॅम, भाजलेल्या तिळाची पूड, म्हणजे साधारण 65. बेरीज 530. पण नाचणी आणि तिळातलं सगळं कॅल्शियम शरीरात उतरत नाही, त्यातले काही घटक त्याला अडवतात. म्हणून मोठा भार घातलेल्या कॅल्शियमवर ठेवला. सोयाही सोसत नसेल तर कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचं औषध डॉक्टरांकडून घ्यावंच लागतं, नुसत्या नाचणीवर ते भागत नाही. प्रथिनांसाठी डाळी, अंडी, मासे आहेतच. फक्त तीळ, शेंगदाणे, अंडी पहिल्यांदा देताना थोड्या प्रमाणात आणि एका वेळी एकच.

सणासाठी आम्ही कोकणाकडे वळलो. तिथल्या स्वयंपाकात नारळाचं दूध मुळातच आहे. शिरवाळे आणि नारळाच्या दुधाचा गुळाचा रस, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, गोव्याचं हरभऱ्याच्या डाळीचं मणगणें, यांत कुठे दूध काढून पर्याय घालावा लागत नाही. पातोळ्यांवर किंवा उकडीच्या मोदकांवर तुपाऐवजी खोबरेल तेलाचा थेंब. ताकाच्या कढीऐवजी आमसुलाचं सार. सोलकढी बाहेर घेताना मात्र विचारायचं, काही ठिकाणी त्यात ताक घालतात.

पुन्हा दूध कधी

बहुतेक मुलांची ही अ‍ॅलर्जी वाढत्या वयात जाते, काहींची शाळेत जायच्या आधीच. म्हणून डॉक्टर ठरावीक काळाने पुन्हा तपासतात. पुष्कळ मुलांना केकसारख्या चांगल्या भाजलेल्या पदार्थातलं दूध आधी सोसायला लागतं. पण ‘एक बिस्किट देऊन बघू’ हा प्रयोग घरी करायचा नाही, विशेषतः तात्काळ अ‍ॅलर्जी असलेल्या मुलावर. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. चुकून दूध पोटात गेलं आणि श्वास लागला, आवाज बसला, मूल मलूल पडलं किंवा अंगभर गांधींबरोबर सारख्या उलट्या झाल्या, तर अ‍ॅड्रेनालिन आणि दवाखाना, एक मिनिटही वाट न बघता. अ‍ॅड्रेनालिन घरात ठेवायचं का आणि ते कसं द्यायचं, हे डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्यायचं.

आमच्या घरी ही सगळी विद्या सासूबाईंनी मनावर घेतली. त्यांचं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं, इंग्रजी येत नाही. मी इंग्रजी अक्षरांत दहा शब्द मोठे लिहून कागद फ्रिजवर लावला, मिल्क सर्वांत वर, मग व्हे, केसिन, बटर, घी. त्या अक्षरं वाचत नाहीत, त्यांचा आकार ओळखतात. पाकीट कागदाशेजारी धरायचं आणि ओळीमागून ओळ बोट फिरवत जायचं.

गेल्या पावसाळ्यात मुलीची नेहमीची बिस्किटं आणली. दोन वर्षं तीच खात होती, ‘कंटेन्स’च्या ओळीत कधी मिल्क नव्हतं. पाकिटाचा रंग किंचित बदललेला, कोपऱ्यात ‘नवी चव’. मी घाईत होते, फोडून डब्यात ओतणार होते. सासूबाई म्हणाल्या, “थांब गं, बघू दे.” कागदाशेजारी धरून बोट फिरवलं आणि शेवटून तिसऱ्या शब्दावर थांबल्या. “हा आहे बघ आपल्या यादीतला दुसरा.”

तो व्हे होता. आता आमच्याकडे कोणतंही पाकीट, कितीही ओळखीचं असलं तरी, त्या कागदाशेजारी धरल्याशिवाय उघडत नाही.